बाई बिचारी दिसू नये: एका दिंडीच्या उभ्या व्हिडिओचा स्टोरीबोर्ड

पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये बावीस कार्डं होती आणि त्यांतल्या नऊ कार्डांवर नुसते पाय होते. भेगाळलेल्या टाचा, चिखलातली बोटं, डांबरावर उमटलेला ओला ठसा, अंगठ्यावरचा फोड. कार्डं भिंतीवर चिकटवली तेव्हा मला ती फार आवडली होती. मग आम्ही ती घेऊन गावी गेलो. मराठवाड्यातलं गाव, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत रथामागे चालणारी, शंभर-सव्वाशे माणसांची दिंडी. देवळाच्या ओसरीवर कार्डं मांडली. वीस-बावीस वाऱ्या झालेल्या एका आजींनी सगळी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, पाय काढलेस गं एवढे. तोंड कुठं ठिवलंस?"

काम साधं होतं. ऐंशी सेकंदांचा उभा व्हिडिओ, मोबाइलवर पाहायचा, एका दिंडीची वारी दाखवणारा. पैसे देणारी संस्था शहरातली होती (नाव सांगण्याची गरज नाही) आणि त्यांच्या पत्रात एक ओळ ठळक केलेली होती: भक्ती दिसली पाहिजे, कष्टांचं उदात्तीकरण नको. ही ओळ वाचून मान डोलावणं सोपं. माझ्या बावीस कार्डांत मात्र अगदी तेच उदात्तीकरण भरलेलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. ते कशाकशात होतं आणि कसं काढलं, ते इथे लिहिते.

आजींच्या प्रश्नानंतर आम्ही ओसरीवर आणखी एक गोष्ट करून पाहिली. कार्डं गावातल्याच, पण वारीला न जाणाऱ्या पोरांना दाखवली आणि एवढंच विचारलं, ही बाई कशी वाटते? तिघांपैकी दोघं म्हणाले, "बिचारी." हीच आमची पुढची फूटपट्टी झाली. व्हिडिओ पाहून माणूस "बिचारी" म्हणाला की कार्ड चुकलं. "ही आमच्या मावशीसारखी आहे", "हिचं जेवणाचं काय?", "ही हसतेय कशाला?" असं काही म्हणाला की कार्ड ठेवायचं.

कार्डं नीट तपासल्यावर दिसलं की "बिचारी" हे फोडामुळे येत नव्हतं. फोड वारीत असतोच. ते येत होतं फोडाच्या आजूबाजूला काय कापलं होतं त्यामुळे. पाय होता, पण ज्या बाईचा पाय ती चौकटीबाहेर. जखम होती, पण तिच्यावर पट्टी बांधणारा हात नाही. त्यात तो शॉट मी संथ गतीत लिहिला होता. पाऊल संथ गतीत टाकलं की ते जड दिसतं, मग चालणारा माणूस कितीही मजेत असो. वर बासरी. आणि पडद्यावर ओळ: 'पाय थकले, श्रद्धा नाही'. ही ओळ माझीच. आता वाचताना कानाची पाळी गरम होते.

मग पहिला मोठा बदल केला तो दिवसाचा. मूळ योजनेत सगळं चित्रीकरण पुणे ते सासवड या टप्प्यावर होतं. ते साहजिकही होतं. तीस किलोमीटरच्या वरचा टप्पा, त्यात दिवे घाट, रथाला लावलेल्या जादा बैलजोड्या, आणि बहुतेक वर्षी ज्येष्ठातली वद्य एकादशी, म्हणजे चालणाऱ्याला उपास. वारीचे निम्मे व्हिडिओ घाटाच्या वळणावरून काढलेले असतात. पण तिथे कॅमेरा उभा केला की गोष्ट आपोआप चढाची होते. माणसं वर चढतायत, धापा टाकतायत, आणि वरून पाहणाऱ्याला त्यांची फक्त नदी दिसते. शिवाय घाटाचं रुंद दृश्य उभ्या चौकटीत मावत नाही. डावीउजवीकडे दोन्ही बाजू कापल्या जातात आणि उरतो गर्दीचा एक चिंचोळा पट्टा.

आम्ही लोणंद ते तरडगाव हा टप्पा घेतला. नीरेत पादुकांचं स्नान होऊन पालखी सातारा जिल्ह्यात आलेली असते, लोणंदला मुक्काम झालेला असतो, आणि पुढचा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरचा, दुपारी निघायचा. म्हणजे सकाळ मोकळी. बायका धुणी वाळत घालतात, कुणी दाढी करून घेतं, कुणी ट्रकच्या सावलीत झोपतं. आणि वाटेत चांदोबाचा लिंब, तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण. संस्थेच्या बाईंना हे पटायला दोन फोन लागले. "यात स्ट्रगल कुठे आहे?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्याच पत्रातली ठळक ओळ मी त्यांना वाचून दाखवली.

आता कागदाचं. उभ्या व्हिडिओची चौकट ९:१६, म्हणून आम्ही पुठ्ठ्याची ९ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच कार्डं कापली. खालच्या तीन सेंटिमीटरवर पेन्सिलीने फुल्या मारल्या, उजव्या कडेला दीड आणि वर दोन सेंटिमीटरवरही. तिथे ॲपची बटणं, नाव, मजकूर येतो. चेहरा किंवा हात तिथे गेला तर मोबाइलवर तो झाकला जातो. एवढं केल्यावर उरलेल्या जागेत काय मावतं ते आपोआप कळतं. एक माणूस पूर्ण, किंवा दोघं कमरेपासून वर, किंवा रांग, पण समोरून आणि लांबवर जाणारी. आडवी गर्दी नाही. मला आधी ही चौकट अडचणीची वाटायची. या कामात तिनेच हात दिला, कारण गर्दी मावत नाही म्हटल्यावर माणूस घ्यावाच लागतो.

बावीसाची दहा कार्डं झाली. सगळी सांगत नाही, ज्यांच्यावर वेळ गेला तीच सांगते.

पहिलं कार्ड, पाच सेकंद. तोंड धुऊन झालेल्या आजी ट्रकच्या बाजूच्या आरशात पाहून कुंकू लावतात. हे आम्ही शोधलं नाही. आजींनीच बोलता बोलता सांगितलं की पिशवीतला आरसा तिसऱ्या वर्षी फुटला, तेव्हापासून ट्रकचाच. ट्रकचा आरसा उभा लांबट असतो, म्हणजे उभ्या चौकटीत आणखी एक उभी चौकट. आरशात आजींचा चेहरा आणि खांद्यामागे उतरवलेली राहुटी. संस्थेला पहिल्या दोन सेकंदांत फोड हवा होता, बोट थांबायला. बोट थांबतं ते फोडाला, हे मला मान्य. पण पहिल्या दोन सेकंदांत फोड दिसला की पुढचे अठ्ठ्याहत्तर सेकंद माणूस त्या बाईकडे फोडवाली म्हणून पाहतो. मग ती हसली तरी ते शौर्य वाटतं.

दुसऱ्या कार्डात वळकट्या ट्रकवर चढतात, हातातून हातात, खालून वर. हे पाच सेकंदांचं कार्ड ठेवण्यावरून आमच्यात वाद झाला. छायाचित्रण करणारा मित्र म्हणाला, सामानाचं काय दाखवायचं? मला ते हवंच होतं. दिंडीचं सामान ट्रकने पुढे जातं, स्वयंपाकाची भांडी, तंबू, सगळं. पाण्याचा टँकर वेगळा. प्रत्येकाने भिशी भरलेली असते, त्यातून हे चालतं. हे लपवलं की वारकरी म्हणजे डोक्यावर गाठोडं घेऊन अन्नपाण्याविना निघालेला माणूस असं चित्र तयार होतं. ते खोटं आहे, आणि दिंडीची व्यवस्था बसवणाऱ्या माणसांवर अन्याय करणारंही.

तिसऱ्यात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. या दिंडीत वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. सहा सेकंदांत, काही न बोलता, शिस्त दिसते. भक्ती दाखवायची म्हणजे डोळे मिटलेला, अश्रू आलेला चेहरा शोधायचा अशी माझी सवय होती. या कार्डात कुणाचेही डोळे मिटलेले नाहीत. घेणारा पट्टा नीट बसला का ते पाहतोय.

चौथं कार्ड लांब, बारा सेकंद, एकच शॉट. दिंडी समोरून चालत येते, कॅमेरा मागे मागे सरकतो. कापाकापी नाही, संथ गती नाही, आवाज तिथलाच. टाळाचा आवाज फोनवर किंवा कॅमेऱ्यावर फाटतो, कारण टाळाचा प्रत्येक ठोका अचानक आणि तीक्ष्ण असतो. म्हणून रेकॉर्डर चार रांगा मागे एका टाळकऱ्याच्या खिशात दिला आणि आवाजाची पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवली. मागे चालणाऱ्या कॅमेरावाल्याच्या पट्ट्याला धरून मी चालले, नाहीतर तो पुढच्या दिंडीत जाऊन आपटला असता. असा शॉट तीनदाच घ्यायचा असं महाराजांशी (दिंडी चालवणाऱ्यांना सगळे महाराजच म्हणतात) आधी ठरलं होतं. तिसऱ्यानंतर आम्ही बाजूला झालो.

पाचव्या कार्डात पाय आले. नऊमधून उरलेले हे एकच. कॅमेरा पायांपासून सुरू होतो आणि न थांबता वर जातो, पातळ, तुळस, चेहरा. उभ्या चौकटीला ही हालचाल फार शोभते. पाय कुणाचे हे चार सेकंदांच्या आत कळलं पाहिजे असं कार्डावर लिहिलं होतं. आणि पाय अनवाणी नव्हते. आम्ही मोजलं, या दिंडीत अनवाणी चालणारे चारच जण होते. बाकी सगळे चपला, सॅंडल, कुणी नातवाचे जुने बूट. माझ्या पहिल्या नऊ कार्डांत मात्र एकाही पायात चप्पल नव्हती.

फोड सहाव्या कार्डात आहे. तो काढून टाकावा का, यावर मी दोन दिवस विचार केला. काढला असता तर व्हिडिओ गुळचट झाला असता. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं आणि कुणाला काही होत नाही, हेही खोटंच. म्हणून फोड ठेवला, पण अट घालून. जखम आणि तिला लावलेला हात एकाच चौकटीत, आणि दोघांचे चेहरेही. कार्डावर असं काढलं: टँकरच्या सावलीत पाय एका मुलीच्या मांडीवर, मुलगी गॉज गुंडाळतेय, पायवाली बाई तिला काहीतरी सांगतेय. प्रत्यक्षात ती मुलगी दिंडीतल्याच एका घरची, नर्सिंग शिकणारी. बाई तिला पट्टी बांधता बांधता लग्नाचं विचारत होती. मुलगी वैतागली होती. तोच शॉट ठेवला. आठ सेकंद.

या कार्डात एक गोष्ट मुद्दाम टाळली. दिंडीत पुष्कळ जण फोडातून सुईने दोरा ओवतात, पाणी निघून जावं म्हणून. आम्ही दोन ठिकाणी पाहिलं. पाहायला तो शॉट जबरदस्त आहे, आणि म्हणूनच घेतला नाही. जंतुसंसर्गाचा धोका असतो, फोडाची कातडी आहे तशी ठेवून वरून स्वच्छ पट्टी बांधावी असं त्या मुलीचंच म्हणणं. ऐंशी सेकंदांत हे समजावून सांगता येत नाही. मग नुसती सुई दाखवून लोकांना ती शिकवायची कशाला?

सातवं कार्ड पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये नव्हतंच, ते विणेकऱ्यांनी दिलं. गावच्या ओसरीवर एक गृहस्थ मागे बसले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. मी सहज म्हटलं, म्हणजे यंदा वारी नाही? विणेकरी हसले. "गाडीत बसला म्हणून वारी मोडत न्हाई, माऊली. पोचल्याशी मतलब." ते गृहस्थ ट्रकमधून पुढे जातात, मुक्कामाच्या जागी आधी पोचून तंबूची जागा धरतात, आणि दिंडी दिसली की ट्रकच्या पायरीवर बसूनच टाळ वाजवतात. सात सेकंद, पायरीवर बसलेला माणूस, मांडीवर काठी, हातात टाळ. न चालणाऱ्या माणसाचं हे एक कार्ड आलं आणि बाकीच्या नऊ कार्डांचा अर्थ बदलला. चालणं ही भक्तीची किंमत आहे असं मग कुठेच वाटेनासं झालं.

आठव्यात रिंगण. इथे कागद एक सांगत होता आणि रस्त्यावर दुसरंच घडलं. उभं रिंगण म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, मधून अश्व धावतात. एक स्वाराचा, पताका घेतलेला, आणि दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. गोल रिंगण उभ्या चौकटीत पार वाया जातं, वर्तुळाचा एक तुकडा तेवढा दिसतो. उभं रिंगण मात्र जणू या चौकटीसाठीच आहे, खालून वर लांब जाणारी गल्ली आणि तिच्या टोकाला घोडा. कार्डावर मी कॅमेरा गल्लीच्या टोकाला, घोड्याच्या समोर काढला होता. तिथे आम्ही उभं राहिलो आणि दोन मिनिटांत बाजूला काढले गेलो. बरोबरच होतं. धावत्या घोड्याच्या वाटेत माणूस उभा करायचा नसतो, त्याच्या हातात कितीही महागडा कॅमेरा असला तरी. कागदावर हे मला सुचायला हवं होतं.

मग आम्ही रांगेत शिरलो, दोन खांद्यांच्या मधून कॅमेरा. पाऊस भुरभुरत होता, पखवाजांवर प्लास्टिक चढलं होतं. घोडा आला आणि गेला. चित्रात एक तपकिरी पट्टा, सेकंदभराचा, काही उपयोगाचा नाही. पण कॅमेरा चालू राहिला होता. समोरच्या रांगेतले चेहरे घोडा जवळ येईल तसे एकामागून एक वळताना आले होते, आणि मग सगळे एकदम खाली वाकले, टापांखालची माती कपाळाला लावायला. आजीही वाकल्या आणि ओली माती आधी शेजारणीच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. चौदा सेकंदांत घोडा दिसत नाही. कुणालाही ते खटकलं नाही.

रिंगणानंतर खेळ सुरू होतात, फुगड्या, पावल्या. नववं कार्ड त्याचं, सात सेकंद. आजी आणि पट्टी बांधणारी ती मुलगी फुगडी घालतात. हे आम्ही घडवून आणलं नाही. पण दोघी जवळ उभ्या दिसल्यावर कॅमेरा मात्र मुद्दाम तिकडे वळवला. खेळून झाल्यावर आजी माझ्या शेजारी धापा टाकत बसल्या. मी म्हटलं, आजी, दमलात. त्या म्हणाल्या, "घरी उठल्यापासून चूल, गुरं, पोरं. हितं नुसतं चालायचं. दमायचं काय त्यात?" हे वाक्य आम्ही पडद्यावर लिहिलं, त्यांच्या शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन. व्हिडिओत लिहिलेला मजकूर एवढाच आणि शेवटची दोन शब्दांची पाटी. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मजकूर लागतो. पण तो माणूस जे बोलला तेच असावा, आपली विशेषणं नसावीत, असं ठरवलं होतं.

या वाक्याचीही एक दुसरी बाजू आहे आणि ती मला अजून पुरती सोडवता आलेली नाही. घरचं काम वारीपेक्षा जड आहे, हे ऐकून लोक हसतात. हसण्यासारखं ते आहे का, कोण जाणे. आजी मात्र सांगताना हसत होत्या.

परवानगीबद्दल थोडं. ओसरीवर सगळ्यांची घेतली होती, पण वाटेत प्रत्येक वेळी पुन्हा विचारलं. टँकरपाशी आंघोळी चालतात, तिथे कॅमेरा बंद. नीरेच्या काठावरही बंद. कार्डांवर अशा जागांचं चित्र नव्हतं तरी बाजूला लाल पेनने लिहिलं होतं, कारण चित्रीकरणाच्या घाईत सुंदर उजेड दिसला की हात आपोआप वर जातो.

शेवटचं कार्ड तरडगावचं, समाजआरतीचं. तळावर सगळ्या दिंड्या येतात, टाळमृदंगाचा एवढा गजर असतो की शेजारचा बोललेला ऐकू येत नाही. मग चोपदार दंड वर करतात आणि हजारो माणसं एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतलं जातं. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात. दहा सेकंदांच्या या कार्डात चार सेकंद गजर, मग शांतता, आणि शांततेत एका दिंडीकडे हरवलेली पिशवी सापडल्याची घोषणा. संकलकाला घोषणा कापायची होती, त्याला पवित्र शांतता हवी होती. मी ती ठेवायला लावली. आजी घोषणा लक्ष देऊन ऐकताना दिसतात, कारण पिशवी त्यांच्या दिंडीतल्या एकाची होती.

तयार व्हिडिओ पुन्हा त्याच ओसरीवर दाखवला. आजींनी पाय कुठे गेले असं विचारलं नाही, आपला पदर नीट दिसतो का ते पाहिलं. पोरांपैकी एकाने विचारलं, त्या नर्सबाईचं लग्न ठरलं का? संस्थेने शेवटी एकच गोष्ट मागितली. कळस किंवा विठोबा कुठेच नाही, निदान शेवटी पंढरपूरचा एक शॉट टाका. तरडगावहून पंढरपूरला बरेच मुक्काम बाकी असतात, आणि आमचा दिवस तरडगावला संपला होता. त्यांच्याशी बोलून पाटी तेवढी बदलली. आधी तिथे दिंडीचं नाव होतं. आता काळ्या पडद्यावर, फुल्या मारलेल्या जागेच्या बऱ्याच वर, दोन शब्द आहेत: उद्या फलटण.